बीपीच्या मशीनवर उमटणारं हृदय

(वसंत व्याख्यानमाला, कुपवाड येथे दिलेले व्याख्यान)

मंडळी, आजचा विषय बोटाच्या पेरापेक्षा लहान आहे. घरच्या बीपीच्या मशीनवर आकडे येतात आणि त्यांच्या शेजारी कधीकधी एक हृदय उमटतं, वाकडी रेघ काढलेलं. काही मशीनवर IHB अशी अक्षरं येतात. बीपी १३० आहे याकडे मग कुणाचं लक्षच राहत नाही. सगळं घर त्या हृदयाकडे बघत बसतं.

आधी एक गोंधळ दूर करतो. पट्ट्यातली हवा कमी-जास्त होत असताना बऱ्याच मशीनवर एक साधं हृदय लुकलुकतं. ते प्रत्येक ठोक्याला लुकलुकायलाच हवं. आपण बोलतोय ते मोजणी संपल्यावर आकड्यांसोबत टिकून राहणाऱ्या खुणेबद्दल. आपल्या मशीनवर ती कशी दिसते हे माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका खोक्यातच राहते, हा भाग वेगळा.

आता हे मशीन करतं काय? त्याला हृदय दिसत नाही. दंडाच्या धमनीतून रक्ताची लाट गेली की पट्ट्यातल्या हवेला बारीक धक्का बसतो, तो धक्का ते ओळखतं. धक्क्यांच्या जोरावरून बीपीचा अंदाज बांधतं आणि दोन धक्क्यांमधलं अंतर मोजून ठेवतं. ओमरॉनच्या बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत नियम दिलेला आहे: सरासरी अंतरापेक्षा २५ टक्क्यांनी कमी किंवा जास्त अंतर मोजणीत दोन वा अधिक वेळा सापडलं, की खूण दाखवायची. हिशेब करून बघा. नाडी ७५ असेल तर दोन ठोक्यांत सरासरी ०.८ सेकंद जातात. म्हणजे एखादं अंतर ०.६ च्या खाली गेलं किंवा १ सेकंदाच्या वर गेलं, तर त्याची नोंद होते.

या नियमात एक गंमत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या हृदयात अधूनमधून एखादा ठोका वेळेआधीच पडतो. डॉक्टर त्याला एक्टोपिक म्हणतात, रुग्ण म्हणतो, “छातीत धडकन झालं आणि क्षणभर थांबलं.” आगाऊ ठोक्याच्या आधीचं अंतर तोकडं होतं आणि त्यानंतर हृदय जरा दम घेतं, म्हणून पुढचं अंतर लांबतं. ठोका चुकला एकच, पण बिघडलेली अंतरं झाली दोन! एवढ्यानंही खूण उमटू शकते. रात्रीचं जागरण, कडक चहावर चहा, तंबाखू, ताप, थायरॉईड, लघवीच्या गोळ्यांनी घटलेलं पोटॅशियम, यांपैकी कशानंही असे ठोके वाढू शकतात. कुणाकुणात काहीच कारण नसतं.

याशिवाय मशीनची फसगत होते ती वेगळीच. मोजताना बोललात, मूठ वळलीत, खोकलात, पट्टा सैल बांधलात, तर हवेला बसलेला धक्का रक्ताचा की हाताचा हे त्याला दर वेळी कळत नाही. तरुण पोरांची नाडी श्वास घेताना जलद आणि सोडताना मंद होते. ते निरोगीपणाचंच लक्षण आहे, पण खूण तिथंही येऊ शकते.

मग भीती कशाची? एट्रियल फिब्रिलेशनची. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडीला ठेका उरत नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका साधारण पाचपट वाढतो असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात दिसलं होतं. वय वाढेल तसा हा विकार वाढतो. आपल्या देशात मात्र लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप बिघडलेल्यांना तो ऐन चाळिशीतही गाठतो. तेव्हा चाळिशीतल्या बाईला दम लागतोय आणि मशीन खूण दाखवतंय, तर ‘वय कुठं झालंय’ म्हणून सोडू नका.

आता मूळ प्रश्न: पुन्हा मोजून उपयोग होतो का? होतो, पण रीत पाळली तर. अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. एकेक मिनिट थांबून तीन वेळा मोजायचं आणि वहीत आकडा, नाडी आणि खूण आली की नाही, तिन्ही लिहायचं.

समजा, एमआयडीसीतून निवृत्त झालेले दोन शेजारी आहेत. पहिल्यांचे आकडे: १४८/८६, नाडी ७४, खूण आहे, १४२/८४, नाडी ७६, खूण नाही, १४०/८२, नाडी ७४, खूण नाही. इथं हात हलला असेल किंवा एखादा आगाऊ ठोका पडला असेल. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजत राहावं. मला इथं त्या खुणेपेक्षा १४० च्या बीपीची चिंता जास्त वाटते. दुसऱ्यांचे आकडे: १३२/८८, १५०/८०, १२४/९२, नाडी ९६, १०८, १०२, आणि खूण तिन्ही वेळा. खूण प्रत्येक वेळी, नाडी जलद, आकडे मिनिटामिनिटाला उड्या मारणारे. यांनी आठवडा थांबू नये, एक-दोन दिवसांत इसीजी काढावा. त्यांचं बीपी कोणतं म्हणाल? एकही आकडा सुटा धरायचा नाही. बेताल नाडीत प्रत्येक ठोक्याचा जोर निराळा असतो, म्हणून सरासरी घ्यायची. ती येते साधारण १३५/८७. तीही अंदाजाची. डॉक्टर हातानं पट्टा फुगवून, स्टेथोस्कोप लावून पडताळतील.

फेरमोजणीची मर्यादाही सांगतो. ती ताल बिघडलाय का हे सांगते, कोणता बिघाड हे सांगत नाही. काही मशीन तीन मोजण्या आपोआप घेऊन खास फिब्रिलेशन हुडकतात. त्यांचा इशारा अधिक भरवशाचा, पण निदान इसीजीवरच. उलट बाजूही आहे. फिब्रिलेशन तासाभरासाठी येऊन जाऊ शकतं, म्हणून आज खूण नाही याचा अर्थ काहीच नाही असा होत नाही. आणखी एक फसवा प्रकार म्हणजे प्रत्येक दुसरा ठोका आगाऊ असेल, तर तो क्षीण ठोका मशीनला कळतच नाही. उरलेले ठोके समान अंतरावर असतात. मशीन नाडी ३८ दाखवतं आणि खूण दाखवत नाही! म्हणून मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी स्वतः मोजायला शिका. ठेक्यात एखादाच ठोका गळतोय की ठेकाच नाही, हे सवयीनं बोटांना कळतं.

इसीजी साधा निघाला आणि खूण तरी येतच राहिली, तर डॉक्टरांना चोवीस तासांच्या होल्टरबद्दल विचारा. जाताना वही न्या, मशीनही न्या. खूण दिसली म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका आणि शेजाऱ्याची रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच घेऊ नका.

छातीत दुखत असेल, घेरी येऊन पडायला झालं असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला असेल, तर दुसरी मोजणी घेत बसू नका. १०८ ला फोन लावा.