ओव्हरटाइमचे परिपत्रक : दर कसा आणि तारीख कोणती?

ढोकी, केशेगाव, रांजणी, नळदुर्ग अशी नावे घेतली की धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला ऊस आणि साखर कारखाना आठवतो. कारखाना म्हटला की गळीत हंगाम आला, आणि हंगाम आला की ओव्हरटाइम आलाच. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर चालू गिरणी सोडून घरी जाता येत नाही. आधीच्या पाळीतलाच कामगार आणखी चार तास उभा राहतो. या चार तासांचे पैसे किती, एवढाच त्याचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर देण्यासाठी नोटीस फलकावर जे परिपत्रक लागते, त्याच्याविषयी आज बोलायचे आहे.

या विषयाला एक निमित्त आहे. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या साखर कामगारांच्या पगाराबाबत शासन, कारखानदार आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीत समझोता झाला. 10 टक्के वाढ ठरली, आणि ती 1 एप्रिल 2024 पासून धरायची असेही ठरले. म्हणजे निर्णय 2025 चा आणि लागू आदल्या वर्षापासून! अशा वेळी महिन्याच्या पगाराचा हिशेब कसाबसा लागतो. पण ओव्हरटाइमच्या हिशेबाला फाटे फुटतात. त्यावर निघणारे परिपत्रक बहुधा पुढीलप्रमाणे असते. हा नमुना मीच रचला आहे, पण ऐकल्यावर तो तुम्हांला ओळखीचा वाटेल.

‘संदर्भीय करारान्वये सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, अतिकालिक कामाचे दर नियमानुसार सुधारित करण्यात येत असून सदर सुधारणा तात्काळ प्रभावाने अंमलात येईल. फरकाबाबत यथावकाश कळविण्यात येईल.’

आता असे पाहा. यात खोटे काहीच नाही. पण हे वाचून एकाही कामगाराला आपले पैसे काढता येतील का? ‘नियमानुसार’ म्हणजे कोणता नियम? ‘तात्काळ’ म्हणजे कागदावर सही झाली तो दिवस, फलकावर कागद लागला तो दिवस, की पुढचा पगार? टाइमकीपर एक अर्थ लावतो, पगार लिहिणारा कारकून दुसरा, आणि कामगार तिसरा. मग पगाराच्या दिवशी खिडकीपाशी भांडण होते, आणि ते कुणाच्या लबाडीमुळे नव्हे, तर या दोन वाक्यांमुळे होते.

चांगल्या परिपत्रकाला तीन गोष्टी उघड सांगाव्या लागतात : हिशेब कोणत्या रकमेवर, भाग कितीने, आणि कोणत्या तारखेच्या कामापासून. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट रकमेची. ओव्हरटाइमचा दर साध्या दराच्या दुप्पट, हे सगळ्यांना पाठ असते. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 59व्या कलमात ते होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही दुप्पट कायम आहे. पण दुप्पट कशाची? जुन्या कलमात मूळ पगार आणि भत्ते धरले जात. बोनस आणि ओव्हरटाइमची रक्कम वगळली जाई. नव्या संहितेत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याच वेगळी आहे. म्हणून मागच्या काळाचा फरक काढताना जुना कायदा पाहायचा, आणि 21 नोव्हेंबर 2025 नंतरच्या कामाला नवा. कामगाराने ही कलमे वाचत बसावे, अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्या पगारचिठ्ठीवर जी नावे छापलेली असतात, त्याच नावांनी लिहा : ‘मूळ पगार आणि महागाई भत्ता धरला आहे, बोनस धरलेला नाही.’ चिठ्ठीवर आणखी भत्ते असतील तर प्रत्येकाचे नाव घेऊन धरला की नाही ते सांगा. ‘इत्यादी’ हा शब्द इथे नको. भांडण नेमके त्या ‘इत्यादी’तूनच उगवते.

दुसरी गोष्ट भाजकाची. ती दिसायला बारीक, पण सगळ्यांत जास्त पैसे हिच्यात अडकलेले असतात. एक कामगार धरा. त्याला मूळ पगार आणि महागाई भत्ता एवढेच मिळते, आणि दोन्ही मिळून महिना 18,720 रुपये. महिन्याचे कामाचे दिवस 26 धरले, तर दिवसाचे 720 रुपये झाले. आठ तासांनी भागले की तासाचे 90. दुप्पट केले की ओव्हरटाइमचे तासाला 180 रुपये. हा जुना दर. आता या रकमेत 10 टक्के वाढ झाली असे समजू. पगार 20,592 रुपये झाला. 26 ने भागून 792, आठने भागून 99, दुप्पट 198. तासाला 18 रुपये वाढले. हिशेब सरळ आहे.

पण समजा, कचेरीत कुणीतरी म्हणाले, ‘महिना तीस दिवसांचा असतो, तीसने भागा.’ मग काय होईल? 20,592 भागिले 30 म्हणजे 686 रुपये 40 पैसे. तासाचे 85 रुपये 80 पैसे. दुप्पट 171 रुपये 60 पैसे. पाहिलेत? जुना दर 180 होता. पगार दहा टक्क्यांनी वाढला आणि ओव्हरटाइमचा दर 8 रुपये 40 पैशांनी उतरला! तीसने भागताना आपण सुट्टीचे दिवसही कामाचे समजतो, म्हणून तासाचा भाव खाली येतो. परिपत्रकात भाजक लिहिलेलाच नसेल, तर ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही यायची नाही. कामगार म्हणेल, ‘वाढ कुठं गेली?’ आणि कारकून म्हणेल, ‘दुप्पटच दिलंय की!’ दोघेही आपापल्या परीने खरे. म्हणून आजवर ज्या आकड्याने भागत आलात तो आकडा परिपत्रकात छापा, आणि दर बदलताना तो गुपचूप बदलू नका.

इथेच एक वाक्य आणखी घाला. ‘दुप्पट’ ऐकून काही जणांना वाटते की एक पट पगारात आलीच, वर एकपट मिळणार. तसे नाही. महिन्याचा पगार हा नेमून दिलेल्या तासांचा. जादा तासाचे पैसे त्यात आलेले नसतात. म्हणून ‘जादा तासाला पूर्ण 198 रुपये, पगाराशिवाय’ असे स्पष्ट लिहावे. जादा तास कितव्या तासापासून मोजायचा, तेही सांगावे. जुन्या कायद्यात दिवसाला नऊ तास किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ओलांडले की दुप्पट सुरू होई. तुमच्या कारखान्यात करारानुसार आठ तासांनंतरच देत असतील, तर तसे लिहावे.

तिसरी गोष्ट तारखेची. परिपत्रकाला तीन तारखा असतात, आणि त्या एकमेकींत मिसळतात : कागद निघाला ती, पैसे हाती पडणार ती, आणि ज्या दिवशीच्या कामापासून नवा दर लागतो ती. कामगाराला तिसरी तारीख आधी हवी. म्हणून ‘तात्काळ प्रभावाने’ हे शब्द काढून टाका आणि लिहा : ‘1 एप्रिल 2024 रोजी सुरू झालेल्या पहिल्या पाळीपासून केलेल्या जादा कामाला नवा दर.’

‘पाळीपासून’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. 31 मार्च 2024 ला रात्री आठला एक जण कामावर आला. त्याची पाळी 1 एप्रिलला पहाटे चारला संपली. बदली माणूस आला नाही, म्हणून तो सकाळी आठपर्यंत थांबला. हे चार तास कोणत्या दराने? घड्याळ म्हणते 1 एप्रिल. पण मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचे नंतरचे तास आधल्या दिवसात मोजावेत, असे कारखाने अधिनियमाच्या 57व्या कलमात होते. त्या मोजणीला धरून पाळी ज्या तारखेला सुरू झाली ती तारीख घेतली, तर हे चार तास जुन्या दराचे, म्हणजे 720 रुपये. दुसऱ्या दिवशी रात्री तेवढेच काम केले तर 792. युनियन आणि व्यवस्थापन यांनी याहून वेगळे ठरवले, तरी हरकत नाही. पण जे ठरेल ते एका ओळीत लिहिलेले असावे.

आता हे सगळे गोळा करून ते परिपत्रक पुन्हा लिहू. तारखा उदाहरणापुरत्या धरल्या आहेत.

‘ओव्हरटाइमचा दर वाढला आहे.
नवा दर 1 एप्रिल 2024 रोजी सुरू झालेल्या पहिल्या पाळीपासूनच्या जादा कामाला लागू आहे. रात्रपाळीची तारीख म्हणजे पाळी सुरू झाली ती तारीख.
हिशेब असा : मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, भागिले 8, गुणिले 2. बोनस धरलेला नाही. आठ तासांनंतरचा प्रत्येक तास जादा.
उदाहरण : 20,592 रुपये पगाराला तासाचे 198 रुपये, चार तासांचे 792 रुपये. हे पैसे पगाराशिवाय मिळतील.
ऑगस्ट 2025 चा ओव्हरटाइम नव्या दराने सप्टेंबरच्या पगारात मिळेल.
1 एप्रिल 2024 ते 31 जुलै 2025 या काळातल्या ओव्हरटाइमचा फरक 30 सप्टेंबर 2025 ला मिळेल. आपले जादा तास टाइम ऑफिसच्या वहीत पाहता येतील.’

पहिल्या कागदापेक्षा हा लांब आहे खरा. पण याच्यावरून आपल्या कामगाराला फरकही काढता येतो. त्या सोळा महिन्यांत त्याचे 40 तास जादा काम नोंदले असेल, तर 40 गुणिले 18, म्हणजे 720 रुपये. वहीत तास कमी दिसले, तर त्याची तक्रार तासांबद्दल असेल, दराबद्दल नाही. दोन वेगळ्या तक्रारी वेगळ्या झाल्या की मिटवायला सोप्या जातात.

फलकावर लावण्याआधी एक परीक्षा घ्या. हा कागद एका टाइमकीपरला आणि दोन पाळ्यांतल्या दोन कामगारांना वेगवेगळा वाचायला द्या. 31 मार्चच्या रात्रपाळीनंतरच्या चार तासांचे किती आणि दुसऱ्या रात्रीच्या चार तासांचे किती, एवढे दोनच प्रश्न विचारा. ‘समजलं का?’ असे विचारू नका. त्याला सगळे होच म्हणतात. तिघांनी 720 आणि 792 असे लिहिले, तर कागद फलकावर जाऊ द्या. एकाचा जरी आकडा वेगळा आला, तर त्याला पुन्हा समजावत बसू नका. तो कोणत्या ओळीशी अडखळला ते विचारा, आणि ती ओळ बदला. कारण फलकापाशी समजावून सांगायला तुम्ही उभे नसणार. पहाटे चारला पाळी सुटलेला माणूस तिथे एकटाच वाचत असणार.