छायाचित्राच्या पोटातील पत्ता



डिसेंबर 2012 मधील घटना. संगणकाच्या विषाणूंपासून संरक्षण देणाऱ्या प्रसिद्ध आज्ञावलीचे जनक जॉन मॅकॅफी त्या वेळी अज्ञातवासात होते. शेजाऱ्याच्या खुनाच्या संदर्भात बेलीझचे पोलीस त्यांची चौकशी करू इच्छित होते. ‘व्हाइस’ या नियतकालिकाचे पत्रकार त्यांच्यासोबत होते. 3 डिसेंबरला नियतकालिकाने मॅकॅफींचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. चित्रात ठिकाण ओळखता येईल अशी खूण नव्हती. ती फाइलमध्ये होती. आयफोनने टिपलेल्या त्या फाइलमध्ये उत्तर अक्षांश 15 अंश 39 कला 29.4 विकला अशी नोंद होती, रेखांशही होता. नकाशावर ते स्थान ग्वाटेमालातील रिओ डुल्सेजवळ पडले. मॅकॅफींनी आधी सांगितले, की ही नोंद आपण मुद्दाम बदलली होती. पुढे ते विधान मागे घेतले. दोनच दिवसांनी त्यांना ग्वाटेमाला शहरात ताब्यात घेण्यात आले.

अक्षांशाची एक विकला म्हणजे भूमीवर सुमारे 31 मीटर. तिचा दशांश धरला, तर अंतर तीन मीटरांवर येते. फोनचे स्थानमापन मात्र इतके काटेकोर असतेच असे नाही. छपराखाली ते बरेच चुकते. तरीही वाडी आणि गल्ली कळायला एवढे पुरे. या नोंदींना ‘एक्झिफ’ म्हणतात. कॅमेऱ्याचे नाव, वेळ आणि स्थान परवानगी असल्यास फोन आपणहून लिहितो.

आता प्रश्न असा, की ही नोंद पुढे जाते काय? ते छायाचित्रावर नव्हे, वाटेवर अवलंबून असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा नव्याने आकुंचित होते आणि स्थानाची नोंद समोरच्यापर्यंत पोहोचत नाही. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलला जोडून धाडली, तर ती जशीच्या तशी जाते. गंमत अशी, की स्मरणिकेचे संपादक चित्र स्पष्ट यावे म्हणून याच दुसऱ्या वाटेचा आग्रह धरतात. तो रास्तच आहे. पण घरी टिपलेल्या चित्रासोबत घराचा ठावठिकाणाही जातो.

खात्री करायची, तर चित्र त्याच मार्गाने स्वतःलाच पाठवावे आणि उतरवून घेतलेली प्रत तपासावी. विंडोज संगणकावर Properties मधील Details उघडले, की GPS हा विभाग दिसतो किंवा दिसत नाही. मूळ फाइल पाहून निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक. आयफोनवर पाठवण्यापूर्वी Options मध्ये Location बंद करता येते. कॅमेऱ्याची स्थान-परवानगी आज काढली, तरी ती पुढच्या चित्रांपुरतीच. आधीच्या चित्रांतील नोंदी तशाच राहतात.