मॅन्डेलिक ॲसिड आणि आपली सावळी त्वचा



मुरूम आठवड्यात बसतो, पण त्याचा काळा डाग महिनोन् महिने जात नाही, ही तक्रार माझ्याकडे घाटावरून येते तशीच घाटाखालूनही येते. डाग घालवायला हल्ली मेडिकलमधून किंवा मोबाइलवरून ॲसिडचं सीरम मागवलं जातं. त्यातल्या मॅन्डेलिक ॲसिडबद्दल आज बोलायचं आहे, कारण आपल्या त्वचेला ते इतरांपेक्षा जास्त मानवतं.

गोऱ्या आणि सावळ्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती जोमाने रंग तयार करतात, याचा. आपल्या रंगपेशी जरा डिवचल्या गेल्या की रंग ओततात. मुरूम, ओरखडा, चटका, सगळ्यांचा परिणाम तोच. म्हणून डाग काढायला लावलेल्या ॲसिडनेच आग झाली, तर जुन्या डागाशेजारी नवा उमटतो.

मॅन्डेलिक ॲसिड १८३१ साली विंकलर या जर्मन रसायनज्ञाला कडू बदामातल्या द्रव्यापासून मिळालं. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ही त्याचीच भावंडं. पण ग्लायकोलिकचा रेणुभार ७६, लॅक्टिकचा ९० आणि मॅन्डेलिकचा १५२. ग्लायकोलिकचा रेणू लहान, तो त्वचेत भराभर शिरतो आणि म्हणून झोंबतो. मॅन्डेलिकच्या रेणूला बेन्झीनचं कडं जोडलेलं आहे; तो हळूहळू आत जातो. मृत पेशी सुटायच्या त्या सुटतात, पण रंगपेशी सहसा भडकत नाहीत. भारतीय रुग्णांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी ३५ टक्के ग्लायकोलिकची आणि २० टक्के सॅलिसिलिक अधिक १० टक्के मॅन्डेलिकची, अशा दोन पीलची तुलना केली. मुरमं आणि त्यानंतरचे काळे डाग यांवर मिश्रण जास्त उपयोगी ठरलं आणि त्याचा त्रासही कमी झाला. अर्थात तिथे सोबतीला सॅलिसिलिक होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या मॅन्डेलिकला देता येत नाही. शिवाय ते दवाखान्यातले पील. घरी करायचे नव्हेत.

आता तीव्रतेकडे येऊ. बाटलीवरचे टक्के म्हणजे अर्धीच माहिती. उरलेली अर्धी पीएचमध्ये असते. ॲसिडचे जे रेणू विद्युतभाररहित असतात, तेच त्वचेत नीट शिरतात, आणि असे रेणू किती असतील ते पीएचवर ठरतं. समजा, चिखलीच्या एका मुलीपुढे दोन सीरम आहेत. दोन्हींवर १० टक्के मॅन्डेलिक लिहिलंय, पण एकाचा पीएच ३.५ आणि दुसऱ्याचा ४.५. पहिल्यात शंभरातले सुमारे ४४ रेणू कामाचे, दुसऱ्यात जेमतेम सात. म्हणजे एकाच आकड्याच्या दोन बाटल्यांत सहापट फरक. पीएच छापलेलाच नसेल, तर ती बाटली मी घेऊ देत नाही.

या मुलीची त्वचा नाजूक आहे, नाकाच्या कडा सहज लाल होतात. तिने ५ टक्के आणि पीएच ३.५ ते ४ असं सीरम घ्यावं. आधी कानामागे सलग दोन-तीन रात्री लावून पाहावं. मग आठवड्यातून दोन रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, दोन-तीन थेंब; वर साधं मॉइश्चरायझर. त्या रात्री दुसरं ॲसिड नाही, रेटिनॉल नाही, स्क्रब तर नाहीच. चार आठवडे काही त्रास झाला नाही, तर एक रात्र वाढवावी. १० टक्क्यांवर जायचं ते त्यानंतर, आणि तेही पुन्हा दोन रात्रींपासून. डाग फिका दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

लावल्यावर मिनिटभर चुरचुरणं चालतं. सावळ्या चेहऱ्यावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून आरशावर भिस्त ठेवू नका. गाल गरम लागतो का, पाण्यानेही झोंबतं का, कातडी ताणल्यासारखी आणि चकचकीत झाली आहे का, ते पाहा. तोंडाच्या कडेने राखाडी-काळपट छटा आली, तर त्याच दिवशी थांबा.

या वर्गातली ॲसिडं त्वचा उन्हाला हळवी करतात. मलकापूर-खामगावच्या एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर शेतात किंवा दुचाकीवर असणाऱ्याने दसऱ्यानंतर सुरुवात करावी. तोवर सनस्क्रीन आणि तोंडावर ओढणी किंवा रुमाल, एवढं पुरे. गालांवरचा वांग निळसर-राखाडी असेल, तर रंग खोलवर उतरलेला असतो. तिथे सीरम पोचत नाही.

शेवटचा मुद्दा गोरेपणाच्या क्रीमचा. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. ते महिनोन् महिने लावून त्वचा पातळ झाली असेल, केशवाहिन्या दिसत असतील, तर तिच्यावर पाच टक्केही नको. आधी त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते क्रीम सुटू द्या, त्वचा सावरू द्या. ॲसिडचा विचार त्यानंतर.