तीनऐवजी दोनच अंडी

परवा ताईचा वाढदिवस. रात्रीचे दहा वाजलेले, दुकानं बंद. केकला हवी ३ अंडी, फ्रिजमध्ये दोनच.

अशा वेळी प्रत्येक जिन्नसाचं ‘आहे भागिले हवं’ काढायचं. अंडी २ भागिले ३, म्हणजे ०.६७. बटर हवं १५० ग्रॅम, होतं १२०, म्हणजे ०.८. बाकी सगळं भरपूर होतं. यातला सगळ्यात लहान आकडा तोच आपला गुणक, दोन तृतीयांश. थोडं बटर उरतं, उरू द्या.

आता सगळ्याला तोच गुणक लावा. मैदा १८० ग्रॅमचा १२०, साखर आणि बटर १५० चं १००, बेकिंग पावडर दीड चमच्याऐवजी एक.

मागे एकदा मी एवढंच केलं आणि भांडं तेच ८ इंची ठेवलं. केक चपटा झाला, कडा करपल्या. भांड्याचंही क्षेत्रफळ कमी करावं लागतं, व्यास नाही. ८ चा वर्ग ६४, त्याचे दोन तृतीयांश साधारण ४३, वर्गमूळ साडेसहा. म्हणून साडेसहा इंची भांडं.

मिश्रणाची जाडी तीच राहते, म्हणून तापमानही तेच. वेळ थोडा कमी लागू शकतो, तेव्हा पाच मिनिटं आधीच टूथपिक खुपसून बघा. कोरडी निघाली की झाला केक!