मीठ वितळते की विरघळते?
(अभ्यासिकेत शिकवणाऱ्या स्वयंसेवकांसमोर केलेले भाषण)



विज्ञानाचा धडा घेताना इंग्रजी शब्द ठेवावा की मराठी, हे तुम्ही मला नेहमी विचारता. आपल्या मुलांच्या घरी वारली, कातकरी, भिली किंवा पावरी बोलतात. पुस्तकी मराठी त्यांना जवळजवळ इंग्रजीइतकीच परकी. तेव्हा मराठी शब्द आहे म्हणजे तो सोपाच, असे धरून चालू नका.

मिठाच्या पाण्याचा धडा घेऊ. पुस्तकात मीठ हे द्राव्य, पाणी हे द्रावक आणि दोन्ही मिळून द्रावण. शेजारीच द्रव आणि द्रव्य उभे! मुलाच्या कानाला सगळे एकच. कोणी म्हणेल, मग इंग्रजी वापरा. पण सोल्यूट, सॉल्व्हंट आणि सोल्यूशन हीही सख्खी भावंडेच. इथे उसना शब्द काही कामाचा नाही. आधी 'विरघळणारे मीठ' आणि 'विरघळवून घेणारे पाणी' म्हणा, मुलाच्या बोलीत याला काय म्हणतात ते विचारा, आणि मग पुस्तकातले शब्द द्या. परीक्षेत तेच येतात, म्हणून ते टाळता येत नाहीत.

शब्द पाठ झाला तरी अर्थ चुकलेला असू शकतो. तो ओळखायचा असेल तर मुलाला विचारा, मीठ कुठे गेले? "मिठाचं पाणी झालं" असे उत्तर आले, तर त्याच्या मनात विरघळणे नसून वितळणे आहे. बर्फ वितळतो, त्याला दुसऱ्या कशाची गरज नसते, फक्त उष्णता लागते. नुसते मीठ वितळवायचे तर सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान हवे. आपल्या चुलीवर ते होणार नाही. चमचाभर मीठ अर्ध्या कप पाण्यात ढवळा आणि पसरट ताटलीत उन्हात ठेवा. पाणी उडून जाते, पांढरे मीठ ताटलीत राहते. ते पाहिल्यावर दोन्ही शब्द आपोआप वेगळे होतात.

ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र मी उसन्या शब्दाच्या बाजूने आहे. प्राणवायू हा शब्द मला स्वतःला फार आवडतो. पण मुलाला पुढे O हे चिन्ह लिहायचे आहे, आणि मॅग्नेशियमची फीत जाळल्यावर उरणाऱ्या पांढऱ्या राखेला मॅग्नेशियम ऑक्साइड म्हणायचे आहे. ऑक्सिजनपासून ऑक्साइडपर्यंत धागा दिसतो. प्राणवायू म्हटले की तो तुटतो. शिवाय दवाखान्यात 'ऑक्सिजन लावला' हे पाड्यावरही सगळे म्हणतात.

म्हणून सगळ्याच मूलद्रव्यांना इंग्रजी नावे देऊ नका. लोखंडाचे चिन्ह Fe, ते लॅटिन फेरमवरून आलेले. 'आयर्न' शिकवून मुलाला त्या चिन्हाचा काही सुगावा लागत नाही, आणि घरातला कोयता त्याला ठाऊकच आहे. तिथे लोहच ठेवा.