कंस पुसू नका



  वर्षभरातल्या अनुवादांचा आढावा अधिवेशनाच्या अध्यक्षाने घ्यावा ही आपली अनुवादकांची प्रथा आहे. तो आढावा छापून प्रत्येकाच्या पिशवीत ठेवला आहे, तो सवडीने वाचा. मला आज बोलायचं आहे चौकोनी कंसाबद्दल. गेली कित्येक वर्षं हे बोलायचं राहून गेलं होतं.

भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर हाथीगुंफा आहे. तिच्या दर्शनी कातळावर कलिंगचा राजा खारवेल याचा सतरा ओळींचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. उन्हापावसाने तो इतका झिजला आहे की काही ओळींत सलग चार अक्षरं नीट लागत नाहीत. या लेखाचा पहिला भरवशाचा पाठ भगवानलाल इंद्रजी यांनी दिला. भाऊ दाजींच्या हाताखाली मुंबईत तयार झालेले हे पंडित. त्यांचा पाठ १८८५ साली छापून आला.

आठव्या ओळीकडे या. खारवेलाच्या सैन्याने राजगृहाला त्रस्त केलं आणि त्या पराक्रमाची वार्ता ऐकून एक यवनराजा आपलं सैन्य सोडवून मथुरेकडे मागे हटला, असा तिचा साधारण आशय आहे. हा यवनराजा कोण? जिथे नाव असायला हवं नेमका तिथेच दगड खराब आहे. काशीप्रसाद जयस्वाल आणि राखालदास बॅनर्जी यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या विसाव्या खंडात तिथे ‘दिमित’ वाचलं. दिमित म्हणजे ग्रीक राजा डिमेट्रियस, असं समीकरण मांडलं गेलं. मधलं अक्षर त्यातल्या त्यात बरं, अलीकडचं आणि पलीकडचं अंदाजाने भरलेलं. म्हणून छापील पाठात कंस आले.

अंदाज का करावा लागतो, हे ज्याने ठसा हाताळला आहे त्याला सांगावं लागत नाही. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात. तो खाचांत शिरतो. मग वरून शाई थोपटतात. उंच भाग काळा होतो आणि खोलगट भाग पांढरा राहतो. छिन्नीची रेघ पांढरी आणि पावसाने पडलेला खड्डाही पांढराच. ब्राह्मीत ‘म’ आणि ‘मि’ यांच्यात फरक असतो तो माथ्यावरच्या एका छोट्या रेघेचा. तेवढ्या जागी कातळाचा टवका उडाला असेल तर अक्षराला वेलांटी आपोआप मिळते. तिथे डिमेट्रियस शोधणाऱ्या माणसाला डिमेट्रियस सापडतो. जयस्वालांच्या विद्वत्तेविषयी मला आदरच आहे. शिवाय त्यांनी कंस घातले होते. माझी तक्रार त्यांच्यानंतरच्यांविषयी आहे.

पुढच्या पुस्तकांत काय झालं? पाठात कंस होता, इंग्रजी अनुवादात तो जेमतेम टिकला, मराठीत येईपर्यंत गळाला. मग वाक्य तयार झालं: ‘खारवेलाच्या धाकाने डिमेट्रियस मथुरेला पळाला.’ हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वाचलं आहे, व्याख्यानांत ऐकलं आहे. लिपीच्या वळणावरून दिनेशचंद्र सरकारांसारख्या अभ्यासकांनी खारवेलाला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ठेवलं आहे. डिमेट्रियस होऊन गेला इसवी सनापूर्वीच्याच दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे या राजाने आपल्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी माघार घेतली, असं मानावं लागेल. दोन कंस गळाले म्हणून हे घडलं.

कालच्या परिसंवादात कंसांवरून दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, मजकूर स्वच्छ ठेवावा, शंका शेवटच्या टिपांत द्यावी, कारण कंसाने वाचक अडखळतो. मी हा वाद अनुभवावरून निकालात काढतो. माझ्या एका सहकाऱ्याने कोरीव लेखांचा अनुवाद केला. प्रकाशकाच्या आग्रहाखातर त्याने कंस काढून सगळ्या शंका टिपांत नेल्या. दुसऱ्या आवृत्तीत पानं वाचवायला प्रकाशकाने टिपाच गाळल्या. अंदाज तेवढे उरले, ते अंदाज आहेत हे सांगणारं काही उरलं नाही. आणि वाचक अडखळतो म्हणता? एका तालुक्याच्या गावी मी या आठव्या ओळीचा कंसांसकट अनुवाद वाचून दाखवला. मागच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने विचारलं, ‘सर, कंसातलं राजाने लिहिलंय की वाचणाऱ्याने?’ तिला सगळं समजलं होतं. तो प्रश्न विचारायची सोय आपण वाचकाकडून काढून घेतो.

मात्र सगळे कंस एका तोलाचे नसतात, आणि अनुवादकाची खरी कसोटी इथे आहे. आपल्या सोपाऱ्याचं उदाहरण घ्या. १८८२ साली याच भगवानलालांना तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तुकडाच तो, बहुतेक मजकूर गेलेला. पण हाच लेख गिरनारला आहे, कालसीला आहे. तिथल्या प्रतींवरून सोपाऱ्याची रिकामी जागा भरता येते. बोलीभेदामुळे एखादं रूप इकडचं तिकडे होईल, आशय मात्र हलत नाही. सोपाऱ्याच्या कंसामागे दुसरे दगड उभे आहेत. हाथीगुंफेच्या कंसाला आधार फक्त वाचणाऱ्याच्या अपेक्षेचा आहे. अनुवादात दोन्ही एकाच चिन्हाने दाखवले तर तीही फसवणूकच झाली.

म्हणून माझी पद्धत सांगतो. समांतर प्रतीवरून किंवा ठरीव शब्दप्रयोगावरून भरलेला मजकूर साध्या चौकोनी कंसात. नुसत्या तर्काने भरलेला मजकूर कंसात आणि कंसाच्या आत प्रश्नचिन्ह. जिथे काहीच सुचत नाही तिथे टिंबं आणि सुमारे किती अक्षरं गेली तो आकडा. अक्षराला अक्षर लावून कंस मराठीत आणू नका, ते जमतही नाही, कारण आपला शब्दक्रम वेगळा आणि विभक्ती शब्दाला चिकटलेली. काही पाठांत ‘यवनराज’मधला ‘ज’सुद्धा कंसात आहे. तिथे दुसरं काही बसतच नाही, तेव्हा मराठीत तो कंस नको. नावाचा कंस मात्र हवाच. म्हणजे वाक्य असं होईल: ‘यवनराज [दिमित?] मथुरेकडे मागे हटला.’ आणि ‘मागे हटला’चं ‘पळाला’ करू नका. तो जोश दगडावर नाही.

सोळाव्या ओळीत भगवानलालांनी मौर्य संवताचं एकशे पासष्टावं वर्ष वाचलं होतं. असा संवत दुसरीकडे कुठे आढळत नाही, आणि तो पाठ पुढे टिकला नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा पाठ टिकला नाही. आपला टिकेलच ही खात्री आपण कुठून आणतो? पाठ बदलला की कंस असलेला अनुवाद एका शब्दापुरता दुरुस्त होतो. कंस नसलेल्या अनुवादात नेमकं काय दुरुस्त करायचं तेच सापडत नाही.

या चिन्हांची एक सामायिक यादी आपण करावी, प्रकाशकांशी बोलावं, जुन्या अनुवादांतले गळालेले कंस परत बसवावेत, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी समिती नेमायची की कसं, ते कार्यकारिणीने ठरवावं. तोवर प्रत्येकाला एकच विनंती. पुढचं मुद्रित तुमच्या हाती येईल आणि त्यात संपादकाने कंस काढलेले दिसतील, तेव्हा ते परत घाला. तो ऐकत नसेल तर पुस्तकावरून आपलं नाव काढून घ्या.