डोक्याच्या त्वचेची बायोप्सी



केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या बहुतेकांची हकीकत ऐकून, केसांची मुळे भिंगातून न्याहाळून आणि गरजेपुरते रक्त तपासून निदान होते. त्यासाठी डोक्याला शस्त्र लावावे लागत नाही. परंतु जेथे केसाचे मूळच जळून जाऊन त्याच्या जागी व्रणासारखी त्वचा उरत असल्याची शंका येते, तेथे त्वचेचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे बायोप्सी करणे, इष्ट ठरते. कारण मेलेले मूळ पुन्हा उगवत नाही, आणि निदानास लागलेला विलंब रुग्णाच्या डोक्यावर कायमचा राहतो.

बेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिकाबाईंची गोष्ट सांगतो. त्यांच्या माथ्यावर रुपयाएवढा चट्टा पडला होता, आणि चाई समजून काही महिने त्यावर मलम लावणे चालू होते. चाईत त्वचा गुळगुळीत दिसली तरी केसांची रंध्रे शाबूत असतात. बाईंच्या चट्ट्याच्या मध्यभागी मात्र रंध्रे बुजून त्वचा चकचकीत झाली होती. कडेच्या केसांच्या बुडाशी लालसर छटा व कोंड्यासारखे पांढरे कडे होते, आणि तेथेच आग होत असे. पूर्वी एका ठिकाणी त्यांची बायोप्सी झालीही होती, पण तुकडा चट्ट्याच्या अगदी मधून घेतलेला असल्यामुळे अहवालात ‘जुना व्रण’ एवढेच लिहून आले होते. जेथे आग विझून राख झाली आहे, तेथे आग कशाने लागली याचा दाखला मिळत नाही. तो मिळतो जेथे ती अद्याप धुमसत आहे तेथे. म्हणून या खेपेस भिंगातून जागा मुक्रर करून, कडे असलेले केस ज्यात येतील असा भाग आम्ही घेतला.

ही क्रिया बाह्यरुग्ण विभागातच होते. भूल संपूर्ण देहाला नव्हे, तेवढ्या जागेपुरती असते. जागेभोवतीचे चार केस कापून, त्वचा स्वच्छ करून लिग्नोकेन टोचतात. टोचताना क्षणभर झोंबते, मग दाब तेवढा जाणवतो. त्या औषधात रक्तवाहिन्या आकसवणारे ॲड्रेनलिन मिसळलेले असते आणि डोक्याच्या त्वचेत रक्ताचा संचार विपुल असल्यामुळे, त्याचा अंमल चढेपर्यंत काही मिनिटे थांबणारा डॉक्टर वेळ दवडत नसतो. त्यानंतर चार मिलिमीटर व्यासाचे, नळीसारखे धारदार पंच नावाचे हत्यार केस ज्या तिरक्या दिशेने उगवतात त्याच दिशेने फिरवत खालच्या चरबीपर्यंत नेतात. ते सरळ उभे घातले तर मुळे आडवी छाटली जातात, आणि उथळ राहिले तर मुळांचे बूडच हाती येत नाही. बरेचदा दोन तुकडे घेतात: एक उभा कापून पाहण्यासाठी व दुसरा आडवा, कारण आडव्या छेदात तुकड्यातली जवळजवळ सगळी मुळे एकदम मोजता येतात. मग एकदोन टाके घालून जागा दाबून धरतात.

पूर्वतयारी थोडीच, पण महत्त्वाची आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, भुलीच्या औषधाची कधी बाधा झाली असेल किंवा पूर्वीचा एखादा व्रण जाड वळासारखा वाढला असेल, तर ते आधी सांगावे. मात्र गोळ्या आपल्याच मनाने बंद करू नयेत. आदल्या दिवशी डोके धुवावे आणि बायोप्सीच्या दिवशी तेल लावू नये. न्याहारी करून यावे, कारण उपाशीपोटी भोवळ येण्याचा संभव अधिक.

नंतरचा पहिला दिवस जागा कोरडी ठेवावी. पुढे सौम्य साबणाने हळूच धुऊन, सांगितले असेल तर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. रक्त आले तर स्वच्छ कापड घेऊन पंधरा मिनिटे सतत दाबून धरावे. दर मिनिटाला उचलून पाहिल्यास नुकतीच धरलेली गुठळी पुन्हा सुटते. तेवढ्यानेही रक्त थांबले नाही, किंवा वेदना दिवसेंदिवस वाढली, पू किंवा ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. टाके सुमारे सात ते चौदा दिवसांनी काढतात. मसुराएवढा बिनकेसांचा वण राहतो, आणि आजूबाजूच्या केसांत तो सहसा झाकला जातो.

बाईंच्या तुकड्यात केसाच्या मुळाच्या वरच्या भागाभोवती रक्तातील लढाऊ पेशींचा गराडा आढळला, आणि निदान निघाले लायकेन प्लॅनोपायलॅरिसचे. त्यानुसार चट्ट्याच्या कडेला स्टिरॉइडची इंजेक्शने आणि पोटातून औषध सुरू केले. काही महिन्यांनी कडेची लाली व आग शमली आणि चट्टा वाढायचा थांबला. मधल्या रुपयाएवढ्या जागेत मात्र केस आले नाहीत, आणि ते येणार नाहीत, हे आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते.